हिरडा उष्ण की थंड?

"गेले काही महिने औषधी वनस्पतींबद्दल हौसेनं वाचतोय. आयुर्वेदाची तोंडओळख घरातूनच होती, पण युनानी आणि तमिळनाडूचं सिद्ध वैद्यक यांच्याकडे वळलो आणि पार गोंधळलो. आयुर्वेदात हिरडा उष्ण, युनानी पुस्तकात तोच हिरडा थंड, आणि सिद्धवाले म्हणतात त्याच्या पोटात विष असतं. झाड एकच, मग तिघांपैकी बरोबर कोण? सध्या माझ्याकडे त्रिफळा चूर्ण, इत्रिफल आणि कडुक्काय चूर्णम् अशा तीन बाटल्या आहेत. मला अधूनमधून बद्धकोष्ठतेचा त्रास असतो. तिघांतलं चांगलं ते घेऊन एकत्र वापरलं तर चालेल का?"
— एक हौशी वाचक

प्रिय हौशी वाचक,

त्या तीन बाटल्या एकत्र काढू नका, एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. तुम्हाला त्या तीन वेगळ्या औषधांच्या वाटतायत, पण तिन्हींमध्ये हिरडा आहेच. कडुक्काय हे हिरड्याचं तमिळ नाव. इत्रिफल हा शब्द म्हणजे आपलंच 'त्रिफळा' अरबी तोंडातून फिरून परत आलेलं. तिन्ही एकदम घेतलीत तर तीन शास्त्रांचा लाभ वगैरे काही होणार नाही, हिरड्याच्या डोसावर डोस चढेल आणि दुपारपर्यंत पोटात मुरडा येऊन जुलाब लागतील.

आता 'बरोबर कोण' याकडे वळू. या प्रश्नात एक गृहीत दडलंय: उष्ण आणि थंड म्हणजे तापमापकावरचे आकडे, तेव्हा दोघांचं वेगळं आलं तर एक नक्की चुकला. मीही विद्यार्थिदशेत असंच समजत होते. पण हिरड्याच्या बाबतीत दोघांची वाट कुठपर्यंत एक आहे आणि नेमकी कुठे फुटते, हे बोट ठेवून दाखवता येतं. त्यासाठी बी काढलेल्या हिरड्याचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघा. आधी तोंड आवळून येईल. मग थोडं आंबट, थोडं कडू लागेल. सगळ्यात ठळक चव तुरट.

युनानी हकीम या तुरटपणापासून सुरुवात करतो. त्याच्या शास्त्राचा पाया ग्रीक वैद्य गॅलेनचा, त्यावर इब्न सीनासारख्या अरबी-फारसी पंडितांनी इमारत उभी केली. त्या शास्त्रात चवीवरून औषधाचा 'मिजाज', म्हणजे त्याची प्रकृती, ओळखायची रीत आहे. तिखट, कडू, खारट या चवी उष्णतेच्या खुणा. आंबट, तुरट आणि तोंड आवळणारी चव या थंडपणाच्या. हिरडा तुरट, म्हणून थंड. आवळून घेतो, ओल शोषतो, म्हणून कोरडा. बहुतेक युनानी ग्रंथांत त्याचा मिजाज 'पहिल्या दर्जात थंड, दुसऱ्या दर्जात कोरडा' असा दिलेला असतो.

हे दर्जे नीट समजून घ्या, कारण आयुर्वेदातून येणारा माणूस इथेच घसरतो. दर्जे चार. पहिल्या दर्जाच्या औषधाचा परिणाम शरीरावर होतो, पण जाणवत नाही. दुसऱ्याचा जाणवतो, पण अपाय होत नाही. तिसऱ्याचा अपाय होतो, पण जीव जात नाही. चौथा दर्जा जिवावर बेतणारा. अफूला हकीम चौथ्या दर्जाची थंड म्हणतात ते याच अर्थानं. म्हणजे 'पहिल्या दर्जाचा थंड' याचा अर्थ असा, की समतोल प्रकृतीच्या माणसाला हिरड्याचा थंडावा कळणारसुद्धा नाही. कोरडेपणा मात्र कळेल.

आयुर्वेदाचा वैद्यही याच जिभेपासून निघतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रातही तुरट रस सर्वसाधारणपणे थंडच मानलाय. म्हणजे इथपर्यंत दोघं एकाच वाटेवर आहेत. पण आयुर्वेदात चवीच्या वरची एक पायरी आहे, ती म्हणजे वीर्य. पोटात गेल्यावर द्रव्य ज्या ताकदीनं काम करतं ते वीर्य, आणि रस आणि वीर्य यांचं जमलं नाही तर वीर्याचं चालतं. हिरडा अग्नी पेटवतो, न पचलेला आम पचवतो, वाताला खाली सरकवतो. ही उष्ण द्रव्याची कामं. म्हणून चरकानं त्याला खारट सोडून पाचही रसांचा, पण वीर्यानं उष्ण म्हटलं.

याचा ताळा बघायचा तर हिरड्याशेजारी आवळा ठेवा. चरक म्हणतो, हिरड्याचे जे गुण आणि जी कामं सांगितली तीच आवळ्याची समजा, फक्त वीर्य उलटं. म्हणजे त्याच्या लेखी या दोन फळांतला मोठा फरक हाच, की एक उष्ण आणि एक शीत. युनानीत मात्र आवळा आणि हिरडा दोन्ही थंड आणि कोरडेच. आयुर्वेदाला जो फरक सर्वांत महत्त्वाचा वाटला, तो दाखवायला युनानी मापात खाचच नाही. उलट, औषध किती थंड हे चार दर्जांत सांगायची सोय आयुर्वेदात नाही. तेव्हा दोन्ही पुस्तकं आपापल्या मापानं बरोबर आहेत. चूक होते ती एका मापाचा आकडा दुसऱ्या मापावर वाचताना.

माझी अशीच एक फजिती सांगते. शिकत असताना मी वहीत दोन रकाने आखले होते: एकीकडे वात, पित्त, कफ, दुसरीकडे सौदा, सफरा, बल्गम. सौदा म्हणजे काळं पित्त, बल्गम म्हणजे कफ, आणि सफरा म्हणजे पिवळं पित्त, म्हणून सफऱ्यासमोर 'पित्त' लिहिलं आणि निश्चिंत झाले. मग हिरड्यापाशी आले. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ज्यांनी हिरडा खाऊ नये अशांची यादी आहे, तिच्यात पित्त वाढलेला माणूस आहे. युनानीत पिवळा हिरडा, हलेला जर्द, दिला जातो तो सफरा बाहेर काढण्यासाठीच. माझ्या रकान्यांप्रमाणे एकजण नको म्हणतो त्यालाच दुसरा आवर्जून देतो! एका वयस्कर हकीमसाहेबांना वही दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "बेटी, ये दो घर हैं, दीवार एक नहीं है." सफरा हा शरीरातल्या चार द्रवांपैकी एक, रक्त आणि बल्गम यांच्या पंगतीतला, मोजायचा, काढायचा पदार्थ. आयुर्वेदाचं पित्त पचवणारं, तापवणारं, रंग देणारं असं कितीतरी कामांचं नाव आहे, आणि चौथा गडी म्हणून रक्त तिथे दोषांत बसतच नाही. शिवाय आयुर्वेदातही पित्त बाहेर काढायला विरेचन देतातच, त्यात हिरडाही असतो. मनाई आहे ती उष्ण प्रकृतीच्या, पोळलेल्या माणसानं रोज खायची. तुमच्याही वहीत असे रकाने असतील तर खोडून टाका.

उष्ण-थंडाच्या या भांडणात एक एकमत मात्र झाकून जातं, आणि तुमच्या बद्धकोष्ठतेच्या दृष्टीनं तेच जास्त कामाचं आहे. हिरडा कोरडा आहे यावर दोघांचं दुमत नाही. आयुर्वेद त्याला रूक्ष म्हणतो. रूक्ष खाणारे, मद्यानं किंवा विषानं क्षीण झालेले, भूक-तहान-उन्हानं कासावीस झालेले, अजीर्ण झालेले अशांनी हिरडा घेऊ नये असं चरक स्पष्ट सांगतो. भावप्रकाश त्यात उपासानं आणि श्रमानं सुकलेल्यांची आणि गर्भवतीची भर घालतो. मग कोरडेपणावर उपाय काय? वाताच्या तक्रारीत हिरडा तुपाबरोबर, पित्तात साखरेबरोबर, कफात सैंधवाबरोबर. औषध तेच राहतं, त्याचा सोबती बदलतो. त्याला अनुपान म्हणतात.

युनानी हेच काम औषध बनवतानाच उरकून टाकतात. त्यांच्या ग्रंथांत प्रत्येक औषधापुढे त्याचा अपाय लिहिलेला असतो आणि त्याच्याशेजारी 'मुस्लेह', म्हणजे तो अपाय सुधारणारा. हिरड्याच्या मुस्लेहात बदामाचं तेल आणि मध हमखास असतात. इत्रिफल करताना हिरडा, बेहडा, आवळा यांचं चूर्ण आधी रोगन-ए-बादाममध्ये, नाहीतर तुपात, हातानं चोळून घेतात. याला 'चर्ब करणं' म्हणतात. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसं प्रत्येक कणाला तेल लागलं पाहिजे. मग ते मधाच्या किंवा साखरेच्या पाकात, किवाममध्ये, कालवतात. चर्ब न करता पाकात घातलं तर ते इत्रिफल नव्हे, नुसतं त्रिफळ्याचं गोड चाटण होईल.

बाटलीवरचं लेबल वाचताना आणखी एका गोष्टीनं तुम्ही चकाल. कित्येक इत्रिफलांच्या यादीत पोस्त हलेला जर्द, पोस्त हलेला काबुली आणि हलेला सियाह अशी तीन नावं ओळीनं येतात. या तीन वनस्पती नव्हेत. तिन्ही हिरडेच. सियाह म्हणजे कोवळेपणीच गळलेला किंवा तोडलेला, वाळून काळा झालेला. आपण त्याला बाळहिरडा म्हणतो आणि बाळगुटीत सहाणेवर उगाळतो तोच हा. जर्द त्याहून वाढलेला, पिवळा. काबुली पूर्ण पिकलेला, मोठा, आपल्या बाजारातल्या सुरवारी हिरड्याच्या जातीचा. हकीम म्हणतो, काळा हिरडा सौदा काढतो, पिवळा सफरा, काबुली बल्गम आणि सौदा. पोस्त म्हणजे साल, बी काढून टाकलेली. भावप्रकाशात हिरड्याच्या विजया, रोहिणी, अभया अशा सात जाती सांगितल्यात, पण आज दुकानात विजया मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. युनानी नावं मात्र बाजारात जिवंत आहेत.

आता त्या पोटातल्या विषाकडे. तमिळमध्ये एक म्हण आहे: "सुक्कुक्कुप् पुरनंजु, कडुक्काय्क्कु अगनंजु." सुंठीचं विष बाहेर, हिरड्याचं विष आत. म्हणून सिद्ध वैद्य सुंठ चुन्याच्या पाण्यात ठेवतो, वाळवतो आणि तिची साल खरवडून टाकतो. हिरडा फोडून त्याची बी काढून टाकतो, वरच्या सालीचंच चूर्ण करतो. या संस्काराला सुद्दी म्हणतात, म्हणजे आपली शुद्धी. 'नंजु' ऐकून दचकू नका. चुकून बीचा तुकडा पोटात गेला तर काही प्राणघातक घडतं असा त्याचा अर्थ नाही. औषधाला नको असलेला, त्रास देणारा भाग, इतकाच.

थोडं थांबून पाहिलंत तर लक्षात येईल, की बी तर तिघंही टाकतात. आयुर्वेदात त्रिफळ्याला हिरड्याची सालच घेतात, युनानीतला पोस्त म्हणजेच साल. फरक आहे तो या कृतीला काय म्हणायचं यात. आयुर्वेदानं शोधन हा शब्द मुख्यतः बचनाग, कुचला, बिब्बा अशा जहाल द्रव्यांसाठी राखून ठेवला. हिरड्याची बी काढणं म्हणजे नुसतं निवडणं-टिपणं. युनानीनं त्याला औषधाचा कोणता अवयव घ्यायचा हा प्रश्न मानला. आणि सिद्धांनी म्हटलं, जे शरीरात जाणार त्या प्रत्येकात काहीतरी काढून टाकण्याजोगं असतं, मग ती घरातली सुंठ का असेना. वनस्पतीकडे बघण्याची सिद्धांची ही वृत्ती मला फार आवडते. एरवी चवी सहा, दोष तीन, हिरड्याचं वीर्य उष्ण, पचनानंतरचा परिणाम गोड, हे सगळं त्यांचं आयुर्वेदाशी जुळतं. त्यामुळे आयुर्वेदातून जाणाऱ्याला सिद्ध अगदी ओळखीचं वाटतं आणि तो शुद्धीचा भाग वगळून पुढे जातो. नेमका तोच वगळू नये.

सिद्ध म्हटलं की लोकांना पारा, गंधक आणि भस्मं आठवतात. तिथे ती आहेतही, पण वैद्यांच्या तोंडी एक जुनं वचन असतं: आधी मुळं बघ, पाला बघ, तेवढ्यानं भागलं नाही तर हळूहळू पर्पम, सेंदूरम बघ. पर्पम म्हणजे भस्म, सेंदूरम म्हणजे धातू-खनिजांची लाल भस्मं. म्हणजे वनस्पती ही पहिली पायरी. तुमच्यासारख्या नवख्यानं या पहिल्याच पायरीवर राहावं. ज्या सिद्ध औषधाच्या यादीत पर्पम किंवा सेंदूरम आहे ते वैद्यानं हातात दिल्याशिवाय घेऊ नये.

आता तुमच्या पोटाचं बघू. समजा तुमचं शौच कोरडं, खड्यांसारखं होतं, पोटात वारा धरतो, ओठ-त्वचाही सुकी. आयुर्वेदाचा वैद्य म्हणेल, हा वात आहे, आणि याला रोज कोरडं त्रिफळा चूर्ण पाण्याबरोबर देणं म्हणजे सुक्याला सुकं. तो हिरडा देईलच, पण तुपाबरोबर, आणि जेवणात स्नेह, म्हणजे तूप-तेल, वाढवायला सांगेल. चूर्णच का, हेही तो सांगेल: भावप्रकाशाप्रमाणे हिरडा चावून खाल्ला तर अग्नी वाढवतो, वाटून घेतला तर मळ काढतो, आणि वाफवून घेतला तर उलट मळ बांधून धरतो. कुणीतरी सांगितलं म्हणून हिरडे उकडून खाणारे आणि 'हिरड्याचा काही उपयोग नाही' म्हणणारे मी पाहिलेत. हकीम तुम्हाला बदामतेल चोळलेलं इत्रिफल रात्री झोपताना देईल. सिद्ध वैद्य बहुधा सायंकाळी हिरडा देईल. सकाळी आलं, दुपारी सुंठ, सायंकाळी हिरडा असा त्यांचा क्रम प्रसिद्ध आहे, आणि तो एक मंडल, म्हणजे 48 दिवस चालतो. बघा, तिघांनी तीन तऱ्हांनी त्या कोरड्या, तुरट फळाला माणसाळवलं. तूप, बदामतेल, शुद्धी आणि वेळ. यातलं एक चांगलं आणि दुसरंही चांगलं म्हणून तूप घातलेल्या इत्रिफलावर कडुक्काय चूर्णम् भुरभुरलंत, तर कुणाचाच हिशेब उरत नाही. त्रास झाला तर कशानं झाला हेही कळणार नाही.

तेव्हा एकच बाटली निवडा, आणि ज्या शास्त्राची निवडाल त्याच शास्त्राच्या माणसाला दाखवा. बी.ए.एम.एस. आयुर्वेदाची, बी.यू.एम.एस. युनानीची, बी.एस.एम.एस. सिद्धाची पदवी, बाटलीवरही ते आयुर्वेदिक, युनानी की सिद्ध औषध हे छापलेलं असतं, आणि नसेल तर ती बाटली नकोच. हिरड्याच्या चूर्णाचा प्रौढांसाठीचा नेहमीचा डोस दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. सुरुवात खालच्या टोकापासून. दिवसात तीन-चारदा पातळ होऊ लागलं, मुरडा आला, तोंड सुकू लागलं तर मात्रा जास्त झाली, थांबा. इत्रिफल निम्म्याहून जास्त मध-साखर असतं, तेव्हा मधुमेह असेल तर ते तुमचं नव्हे. आणि शौचाची सवय अलीकडेच अचानक बदलली असेल, रक्त दिसत असेल किंवा वजन उतरत असेल तर तिन्ही बाटल्या बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

एक गोष्ट तिन्ही शास्त्रांच्या बाहेरची. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत ठेवलात तर काळाकुट्ट होतो. पूर्वी शाई यावरच करत. हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. पोटातही ते तेच करतं, म्हणून लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि हिरडा यांत काही तासांचं अंतर ठेवा.

हौसच असेल तर बाटल्यांपेक्षा मूठभर अख्खे हिरडे आणा. पाण्यात टाका, जड, भरीव हिरडा बुडतो, किडका आणि पोकळ वर तरंगतो. ही परीक्षा भावप्रकाशातलीच. बुडालेला एक पुसून, वाळवून फोडा आणि बी वेगळी काढा, ती किती टणक आहे ते बघा. आणि तुमच्या त्या इत्रिफलाच्या बाटलीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर त्यातलं बदामतेल बिघडलंय, तारीख काहीही छापलेली असो. ती टाकून द्या.